शेजारच्या भिशीत पैसे थेट खात्यात: मांडणी, वही आणि व्यवहार

भिशी बुडते तेव्हा बहुतेक वेळा कुणी पैसे घेऊन पळालेले नसते. सगळे हप्ते एका माणसाच्या खात्यात जमा होतात, तिथे त्याच्या घरखर्चात मिसळतात, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात कुणाचे आले, कुणाचे राहिले हे त्यालाच सांगता येत नाही. म्हणून इथे एकच पद्धत नीट सांगितली आहे: भिशी चालवणाऱ्याच्या हातात पैसा थांबतच नाही. ज्याचा नंबर लागला आहे त्याच्या बँक खात्यात बाकीचे सगळे थेट हप्ता भरतात. चालवणारा फक्त वही सांभाळतो.

आधी हिशोब समजून घ्या

दहा जण, महिना ३,००० रुपये, दहा महिने अशी भिशी धरू. सभासदाचा क्रमांक आणि त्याचा महिना एकच ठेवा. क्रमांक ४ ला चौथ्या महिन्यात भिशी मिळेल. एवढ्या एका सोयीने पुढचे बरेच गोंधळ टळतात.

तोंडी आपण "तीस हजारांची भिशी" म्हणतो, पण थेट पद्धतीत खात्यात २७,००० येतात, कारण स्वतःचा हप्ता कुणी स्वतःला पाठवत नाही. प्रत्येक जण दहा महिन्यांत नऊ जणांना ३,००० देतो आणि नऊ जणांकडून ३,००० घेतो. दिले २७,०००, मिळाले २७,०००. हे पहिल्याच बैठकीत सर्वांना सांगा आणि वहीत २७,००० हाच आकडा वापरा. नाहीतर पहिल्याच महिन्यात "तीन हजार कमी आले" अशी तक्रार येते.

आता हीच भिशी दुसऱ्या बाजूने पाहा. कोणतेही दोन सभासद घ्या, समजा ३ आणि ८. तिसऱ्या महिन्यात ८ ने ३ ला ३,००० दिले. आठव्या महिन्यात ३ ने ८ ला ३,००० दिले की त्या दोघांचा हिशोब मिटला. दहा जणांच्या भिशीत अशा ४५ जोड्या असतात आणि एकूण ९० वेळा पैसे पाठवले जातात. भिशी म्हणजे या ४५ छोट्या उसनवाऱ्यांची बेरीज. त्यामुळे भांडण झालेच, तर त्यात दोन नावे आणि एक रक्कम असते, "भिशीचे पैसे" नावाची कुणाचीच नसलेली रास नसते.

यातूनच जोखीम कुठे आहे ते कळते. पहिल्या महिन्यानंतर एकाच माणसाने उचल घेतलेली असते आणि त्याच्याकडून २७,००० यायचे असतात. पाचव्या महिन्यानंतर पाच जणांनी भिशी उचललेली असते आणि प्रत्येकाचे पाच हप्ते बाकी असतात, म्हणजे एकूण ७५,००० रुपये शब्दावर असतात. नवव्या महिन्यानंतर ती रक्कम पुन्हा २७,००० वर येते. लोक सुरुवातीला जपून असतात आणि मध्यावर सैलावतात, पण सर्वांत जास्त पैसा अडकलेला असतो तो नेमका मध्यावर. चौथ्या ते सातव्या महिन्यात एक हप्ताही दोन दिवस उशिरा आला तर त्याच दिवशी विचारा.

माणसे, रक्कम आणि क्रम

आठ ते बारा जण पुरेत. त्याहून कमी असले तर हातात येणारी रक्कम लहान होते, जास्त असले तर भिशी वर्षापलीकडे जाते, आणि तेवढ्या काळात कुणाची तरी नोकरी सुटते, कुणी घर बदलते. हप्ता ठरवताना सर्वांत कमी उत्पन्न असलेल्या सभासदाला विचारा की वाईट महिन्यातही किती भरता येईल. बाकीच्यांनी तो आकडा धरावा. एकाने दोन नंबर घेण्याची विनंती येतेच. नवी भिशी असेल तर नाही म्हणा, कारण त्या माणसाकडून येणे दुप्पट होते आणि तोच अडला तर दोन हप्ते एकदम थांबतात.

क्रम ठरवण्याबाबत आमचे मत स्पष्ट आहे: दर महिन्याला चिठ्ठी काढू नका, सगळ्या चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी काढा. दहाही नंबर आधी माहीत असले की प्रत्येकाला आपल्या पैशांचे नियोजन करता येते आणि खाती वेळेत तपासता येतात. एक अपवाद ठेवा. नव्याने आलेल्या, किंवा ज्यांचे उत्पन्न अनियमित आहे अशा सभासदांना चिठ्ठीत न घालता शेवटचे नंबर द्या. यात अपमान काही नाही. पहिल्या नंबरासाठी भिशी म्हणजे बिनव्याजी कर्ज असते, शेवटच्यासाठी ती बचत असते. ज्याला हप्ता चुकण्याची भीती आहे त्याने बचतीच्या बाजूला असणेच त्याच्या सोयीचे, आणि त्याला ते आधी नीट समजावले तर तो मानतोही. हप्ता चुकला तरी तो कुणाचा देणेकरी होत नाही. असे का, ते पुढे उदाहरणात येईल.

बोलीची भिशी, म्हणजे ज्याला घाई आहे त्याने कमी रक्कम घ्यायची आणि उरलेली सर्वांनी वाटून घ्यायची, ती शेजाऱ्यांत करू नका. कारण कायद्याचे आहे. 1982 च्या चिट फंड कायद्यानुसार राज्य सरकारची पूर्वपरवानगी आणि नोंदणी नसेल तर चिट चालवता येत नाही. मात्र त्याच कायद्यातल्या व्याख्येखालच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की सर्व सभासदांना आळीपाळीने पूर्ण रक्कम मिळत असेल आणि पुढचे हप्ते भरण्याची जबाबदारी प्रत्येकावर राहत असेल, तर तो व्यवहार चिट ठरत नाही. साधी भिशी या चौकटीत बसते. बोली लावून रक्कम कापली, चालवणाऱ्याने कमिशन घेतले, "परतावा मिळेल" म्हणून अनोळखी लोक जमवले, की ती चौकट मोडते.

एका पानाचा करार

सर्वांच्या सह्या आणि प्रत्येकाकडे एक प्रत हवी. त्यात नावे आणि क्रमांक, हप्त्याची रक्कम, भरायची तारीख, उशीर झाल्यास काय, आणि मध्येच सोडल्यास काय एवढे लिहा. तारीख पगारानंतरची ठेवा. समजा ५ तारीख, आणि ७ पर्यंत सवलत. दंड ठेवलाच तर तो त्या महिन्याच्या मानकऱ्याला मिळावा, कारण खोळंबा त्याचा झालेला असतो. आणखी एक ओळ हवीच: सभासद वारला तर त्याचे येणे-देणे कुणाशी मिटवायचे, त्या वारसाचे नाव. ही ओळ लिहिताना सगळे अवघडतात. तरीही लिहा.

नंबरांची अदलाबदल करायची मुभा द्या, पण दोघांपैकी ज्याचा महिना आधी आहे तो सुरू होण्यापूर्वी, दोघांच्या सहीने आणि सर्वांना कळवून. तोंडी अदलाबदल झाली की दोन जण जुन्याच माणसाला पैसे पाठवतात.

खाती तपासण्याचा आठवडा

थेट पद्धतीची अडचण ही की प्रत्येकाला नऊ नवी खाती जोडावी लागतात. म्हणून पहिल्या हप्त्याच्या आधी एक आठवडा फक्त यासाठी ठेवा.

खात्याची माहिती समोरासमोर घ्या, पासबुक उघडून. खाते क्रमांक, बँकेत जसे आहे तसे नाव आणि आयएफएससी कोड. हा कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी ओ टाइप करणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. खाते क्रमांकाबाबत त्याहून जास्त काळजी घ्या, कारण एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळते का हे पाहून नाही. 2025 पासून नेट बँकिंगमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव बघण्याची सोय आली आहे, ती वापरा. यूपीआयमध्ये पिन टाकण्याआधी पडद्यावर नाव येते, ते वाचल्याशिवाय पिन टाकू नका.

मग प्रत्येकाने प्रत्येकाला १ रुपया पाठवायचा. ज्याला मिळाला त्याने पाठवणाऱ्याला फोन करून संदर्भ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवायचे. जुळले की ते खाते पक्के, आणि पुढे त्याच जतन केलेल्या नोंदीवरूनच पैसे पाठवायचे, पुन्हा टाइप करून नाही. हे नऊ रुपयांचे काम कंटाळवाणे वाटते, पण एका अंकाची चूक ३,००० रुपयांऐवजी एका रुपयात सापडते. नवा लाभार्थी जोडला की बऱ्याच बँका काही तास मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. नवा फोन किंवा नवे सिम असेल तर यूपीआयवरही सुरुवातीला मर्यादा असते. आठवडा आधी जोडल्याने ५ तारखेला ही अडचण येत नाही.

पूर्ण खाते क्रमांकांची यादी व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. कागदावर द्या.

हप्त्याचा दिवस

पाठवताना शेरा लिहायच्या जागी सर्वांनी एकाच साच्यातला मजकूर लिहावा. तिसऱ्या सभासदाने सहाव्या महिन्यात पाठवले तर:

```
BHISHI 3 TO 6
```

काही बँकांची अॅप त्या जागेत देवनागरी घेत नाहीत, म्हणून हा रोमन साचा. याचा फायदा सहा महिन्यांनी कळतो, जेव्हा उताऱ्यातल्या शंभर नोंदींतून भिशीच्या नोंदी शोधायच्या असतात.

सभासदाने स्वतःच्या खात्यातूनच भरावे. मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्यातून भरायचे असेल तर ते नाव आधीच करारात लिहा. अनोळखी खात्यातून आलेले पैसे कुठल्याशा फसवणुकीतले निघाले तर पोलिसांच्या सूचनेवरून घेणाऱ्याच्या खात्यावर बँक रोख लावू शकते, आणि ते सोडवण्यात त्याची भिशी अडकून पडते. ज्याच्याकडे मोबाईल बँकिंग नाही त्याने शाखेत जाऊन एनईएफटीचा अर्ज भरावा आणि पावतीवरचा क्रमांक कळवावा. रोखीने देण्याची वेळ आलीच, तर देणारा आणि घेणारा दोघांनी त्याच दिवशी वहीत सही करावी.

यूपीआयने पैसे बहुधा लगेच पोहोचतात. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून सुटीच्या दिवशीही, दिवसरात्र चालते, पण ती अर्ध्या तासाच्या फेऱ्यांमध्ये जाते. त्यामुळे दहा मिनिटांत जमा दिसली नाही म्हणून दुसऱ्यांदा पाठवू नका. अॅपवर "प्रलंबित" दिसत असेल तरी तेच. आधीचा व्यवहार फसल्याचे किंवा पैसे परत आल्याचे उताऱ्यात दिसेपर्यंत थांबा. नाहीतर एकाच हप्त्याचे ६,००० जातात.

वही

वहीत हप्ता "आला" असे केव्हा लिहायचे? घेणाऱ्याने स्वतःच्या खात्याचा उतारा किंवा पासबुक उघडून पाहिल्यावर. पाठवणाऱ्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. खोटी अॅप हुबेहूब "यशस्वी" असा पडदा दाखवतात, आणि प्रामाणिक माणसाचा खरा स्क्रीनशॉटसुद्धा कधी मागच्या महिन्याचा निघतो. एसएमएसवरही विसंबू नका, "जमा झाले" असा खोटा संदेश पाठवणे सोपे आहे.

कागदी वही चालते, स्प्रेडशीटही चालते. प्रत्येक हस्तांतरणाला एक ओळ, असे सहा रकाने: देणाऱ्याचा क्रमांक, घेणाऱ्याचा क्रमांक, रक्कम, तारीख, संदर्भ क्रमांक, आणि जमा दिसली का. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ आकडी असतो, तो पूर्ण लिहा आणि स्प्रेडशीटमध्ये तो रकाना मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर लांब आकडे बदलून दिसतात. शेवटच्या रकान्यात "होय" लिहायचे ते घेणाऱ्याने कळवल्यावरच.

सहाव्या महिन्याचे सगळे हप्ते आले का, हे या सूत्राने कळते. उत्तर ९ यायला हवे:

```
=COUNTIFS(B:B,6,F:F,"होय")
```

क्रमांक ३ ने आतापर्यंत किती भरले:

```
=SUMIFS(C:C,A:A,3,F:F,"होय")
```

याशिवाय एक तक्ता भिंतीवर लावण्याजोगा करा: दहा ओळी, दहा स्तंभ, ओळ देणाऱ्याची आणि स्तंभ घेणाऱ्याचा. हप्ता जमा झाला की त्या चौकोनात तारीख. कर्णावरचे दहा चौकोन रिकामेच राहतात. या तक्त्यावर कुणाचे कुणाकडे येणे आहे ते शिकलेल्या-न शिकलेल्या सर्वांना एका नजरेत दिसते. दर महिन्याच्या ८ तारखेला त्याचा फोटो गटावर टाका आणि दोन दिवसांत हरकत घ्यायला सांगा. वही चालवणारा एक आणि तपासणारा दुसरा हवा. तपासणाऱ्याने उतारा मागायचा तो त्या महिन्याच्या मानकऱ्याचा, आणि त्यातल्या भिशीच्या नऊ ओळीच पाहायच्या.

हप्ता थांबला तर

क्रमांक ३ ने तिसऱ्या महिन्यात २७,००० घेतले आणि सहाव्या महिन्यापासून भरणे बंद केले असे समजू. तिने १, २, ४ आणि ५ यांना मिळून १२,००० दिलेले आहेत. १५,००० बाकी आहेत. वही पाहिली तर ते "भिशीचे" पंधरा हजार नाहीत: ६, ७, ८, ९ आणि १० यांनी तिला तिसऱ्या महिन्यात ३,००० दिले होते आणि तिने त्या प्रत्येकाला ३,००० देणे आहे. त्या पाच जणांना आपापल्या महिन्यात २७,००० ऐवजी २४,००० मिळतील.

हा तोटा त्या पाचांनीच सोसायचा की सर्वांनी, हे करारात आधी ठरलेले असावे. आमच्या मते उरलेल्या नऊ जणांनी वाटून घ्यावा, कारण तिला भिशीत घ्यायला सगळेच तयार झाले होते. मग प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १,६६७ रुपये येतात. १, २, ४ आणि ५ यांनी तेवढे द्यायचे, ती रक्कम त्या पाच जणांत समान वाटायची. पुढे तिच्याकडून जे वसूल होईल तेही नऊ जणांत वाटायचे. चालवणाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरपाई करून गोष्ट झाकू नये. दुसऱ्या महिन्यात त्याच्याकडेही पैसे नसतात आणि तेव्हा कळते की बाकी दुप्पट झाली आहे.

आता उलट बाजू. क्रमांक ९ ने चार हप्ते भरले आणि पाचव्यापासून त्याला जमेना. त्याने अजून काही घेतलेले नाही. त्याला सोडू द्या. १ ते ४ यांनी नवव्या महिन्यात त्याला ठरल्याप्रमाणे प्रत्येकी ३,००० द्यायचे, म्हणजे त्याचे १२,००० परत मिळाले. ५, ६, ७, ८ आणि १० यांना तो काही देणार नाही आणि तेही त्याला काही देणार नाहीत. त्यांची भिशी २४,००० ची होते, पण त्यांनी एक हप्ता कमीही भरलेला असतो. तोटा कुणाचाच नाही. अनियमित उत्पन्नवाल्यांना शेवटचे नंबर द्या असे वर म्हटले ते यासाठी.

फसवणूक कुठून येते

भिशीच्या गटातला सर्वांत धोकादायक संदेश असा असतो: "माझे खाते बंद आहे, या महिन्याचे पैसे या नव्या नंबरवर पाठवा." पाठवणाऱ्याचे नाव आणि फोटो ओळखीचा असतो, कारण त्याचे व्हॉट्सअॅप कुणीतरी ताब्यात घेतलेले असते. नियम असा करा की खाते बदल संदेशावरून होतच नाही. प्रत्यक्ष भेट, पासबुक, पुन्हा १ रुपयाची तपासणी, वहीत सही. हप्त्याच्या तारखेला चारच दिवस उरले असतील तर तो महिना जुन्याच खात्यावर.

पैसे घ्यायला कधीही पिन लागत नाही. "भिशीचे पैसे आलेत, मंजूर करायला पिन टाका" असे सांगणारा पैसे काढून घेणार आहे. तसेच अनोळखी माणसाने "चुकून तुमच्या खात्यात आले, या नंबरवर परत पाठवा" म्हटले तर स्वतः परत पाठवू नका. बँकेला कळवा आणि परतावा बँकेमार्फतच होऊ द्या.

चुकीच्या खात्यात पैसे गेले तर त्याच दिवशी आपल्या बँकेत लेखी तक्रार द्या, संदर्भ क्रमांकासह. ज्याच्या खात्यात गेले त्याच्या संमतीशिवाय बँक सहसा ते परत घेऊ शकत नाही, म्हणून वेळ लागतो. तोवर त्या सभासदाने आपला हप्ता पुन्हा भरायचा, मानकऱ्याला थांबवायचे नाही. फसवणूक असेल तर मात्र बँकेबरोबर 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.

भिशी मिटवताना

दहाव्या महिन्याच्या ८ तारखेला तक्त्यात ९० चौकोन भरलेले असावेत. त्याची प्रत छापून दहाही जणांच्या सह्या घ्या. पुढची फेरी लगेच सुरू करायची असेल तरी वही नवी घ्या आणि जुनी बाकी तिच्यात ओढू नका. जो सभासद पुढच्या फेरीत नाही त्याचे खाते सर्वांनी आपापल्या अॅपमधून काढून टाकावे, आणि कागदी यादी परत घेऊन फाडावी.